दोघांचे डोळे तपकिरी, मुलीचे घारे, आणि उंचीचं गणित

*«माझे आणि नवऱ्याचे डोळे गडद तपकिरी आहेत, मोठ्या मुलाचेही. पण चार वर्षांच्या मुलीचे डोळे निळसर घारे आहेत. घरात फक्त सासूबाईंचे डोळे तसे होते. लोक नको ते बोलतात. शिवाय माझी उंची १५२ सेंमी, यांची १७३, मग मुलीची १६२ च्या आसपास होईल ना? आत्ता ती ९९ सेंमी आहे. नाक आणि हनुवटी मात्र थेट माझ्या आईची. आईचं किती आणि बाबांचं किती, हे ठरतं कसं?»*

आधी बोलणाऱ्यांचं तोंड बंद करू. तपकिरी डोळ्यांच्या आई-बाबांना घाऱ्या डोळ्यांचं मूल होणं यात नवल काहीच नाही. आणि तुमच्या मुलीचे डोळे एकट्या सासूबाईंकडून आलेले नाहीत. त्यातला अर्धा वाटा बहुतेक तुमचा आहे, तुमच्या माहेरी कोणाचेच डोळे घारे नसले तरीही. हे कसं, ते सांगते.

मी जनुकीय समुपदेशन करते. माझ्यासमोर बसणाऱ्या बहुतेक आई-बाबांच्या मनात रंग कालवल्याचं चित्र असतं: थोडा आईचा, थोडा बाबांचा, मधला काहीतरी मुलाचा. तुमचा १६२ चा आकडाही त्यातूनच आलाय. खरं तर जनुकं कधीच कालवली जात नाहीत. ती पत्त्यांसारखी असतात, वाटली जातात आणि जशीच्या तशी राहतात. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. आपण मुलाला त्यातली एकच देतो आणि कोणती, हे नाणेफेकीसारखं ठरतं. म्हणजे तुमच्या नवऱ्याने मुलीला दिलेली प्रत सासूबाईंची तरी असेल नाहीतर सासऱ्यांची. दोघांची मिळून एक अशी प्रत नसते.

मग डोळ्यांचा रंग उडी मारून येतो आणि उंची मात्र मधलीच आल्यासारखी वाटते, असं का? वाटणीचा नियम दोन्हीकडे एकच आहे. फरक इतकाच, की डोळ्यांच्या रंगात एका पत्त्याचं वजन फार मोठं आहे आणि उंचीत हजारो हलके पत्ते आहेत.

डोळ्यांपासून सुरू करू. निळ्या डोळ्यात निळा रंग नसतोच. बुबुळाच्या रंगीत पडद्यात मेलॅनिन नावाचं तपकिरी रंगद्रव्य असतं. पडद्याच्या पुढच्या थरात ते भरपूर असलं की डोळा तपकिरी दिसतो. फार कमी असलं तर आत शिरलेला प्रकाश विखुरतो आणि डोळा निळसर दिसतो, आकाश निळं दिसतं त्याच धर्तीवर. मधल्या प्रमाणात हिरवट, मधाळ, करडे असे सगळे प्रकार. आपण या सगळ्यांना मिळून सरसकट ‘घारे’ म्हणतो आणि इथेच पुढचा बराच घोळ होतो, पण त्याकडे नंतर येते.

हे रंगद्रव्य बनवण्यात पंधराव्या गुणसूत्रावरचं ओसीए-२ हे जनुक महत्त्वाचं. गंमत अशी, की तपकिरी आणि निळ्या डोळ्यांतला मोठा फरक या जनुकात नाही. तो शेजारच्या एचईआरसी-२ या जनुकाच्या आत दडलेल्या एका ठिकाणी आहे. ते ठिकाण ओसीए-२ साठी दिव्याच्या बटणासारखं काम करतं. २००८ मध्ये वेगवेगळ्या संशोधक गटांनी हे दाखवून दिलं. तिथे डीएनएच्या मजकुरातलं एकच अक्षर बदलतं. ‘ए’ असेल तर ओसीए-२ जोरात चालतं आणि भरपूर मेलॅनिन बनतं. ‘जी’ असेल तर ते मंद पडतं. दोन प्रतींपैकी एक जरी ‘ए’ असली तरी बहुधा पुरेसं मेलॅनिन बनतं आणि डोळा तपकिरी होतो. म्हणून ‘ए’ ला प्रभावी म्हणतात. प्रभावी याचा अर्थ जास्त चांगला किंवा जास्त लोकांत आढळणारा असा नाही, एकच प्रत पुरते इतकाच.

आता तुमचं घर मांडू. सासूबाईंचे डोळे घारे, म्हणजे त्यांच्या दोन्ही प्रती ‘जी’ असणार. त्यांनी मुलाला काहीही दिलं तरी ‘जी’च दिलं. तुमच्या नवऱ्याचे डोळे तपकिरी आहेत, म्हणजे वडिलांकडून ‘ए’ आला. तेव्हा ते ‘ए-जी’. मुलीचे डोळे निळसर आहेत, म्हणजे ती ‘जी-जी’ असण्याची शक्यता मोठी. त्यातला एक ‘जी’ बाबांचा. दुसरा कुठून येणार? तुमच्याकडूनच. तुम्हीही ‘ए-जी’ आहात आणि तुमच्या ‘ए’ ने तो ‘जी’ आजवर झाकून ठेवला होता. तुम्हाला तो आई किंवा वडिलांकडून मिळाला, त्यांना त्यांच्या आई-वडिलांपैकी कोणाकडून तरी. अशी झाकलेली प्रत कितीतरी पिढ्या गुपचूप पुढे सरकते. जोवर समोरून दुसरा ‘जी’ येत नाही, तोवर घरात कोणाला पत्ता लागत नाही. तुमच्या लग्नात दोन झाकले पत्ते समोरासमोर आले.

‘ए-जी’ आई आणि ‘ए-जी’ बाबा यांच्या प्रत्येक मुलाच्या वेळी चार जोड्या सारख्याच शक्य असतात: ए-ए, ए-जी, जी-ए आणि जी-जी. शेवटच्या एका जोडीत डोळे फिके, म्हणजे चारात एक. मोठा मुलगा तपकिरी डोळ्यांचा आहे, म्हणजे त्याच्यासाठी चौथी जोडी बाद. उरलेल्या तिनांपैकी दोनांत ‘जी’ आहे, तेव्हा तोही झाकली प्रत बाळगून असण्याची शक्यता तिनात दोन. तिसरं मूल झालं तर पुन्हा चारात एक. एकदा घारे डोळे झाले म्हणून पुढची पाळी तपकिरीची, असा हिशोब नाण्याला ठाऊक नसतो.

जनुक-तपासणीचा अहवाल कधी हातात आला तर ही जागा `rs12913832` या नावाने छापलेली दिसते आणि पुढे `AA`, `AG` किंवा `GG`. पण केवळ डोळ्यांसाठी तपासणी करायला मी कोणालाच सांगत नाही.

आता तो घोळ. वर मांडलेला हिशोब शाळेच्या पुस्तकातला आहे आणि निळ्या-तपकिरी टोकांना तो बऱ्यापैकी बरोबर येतो. मधल्या रंगांना तो लंगडा पडतो. १९०७ मध्ये चार्ल्स आणि गर्ट्रूड डेव्हनपोर्ट या दांपत्याने एकाच जनुकाचं सोपं गणित मांडलं आणि ते पुस्तकांतून हललंच नाही. २०२१ मध्ये सुमारे १ लाख ९५ हजार लोकांच्या माहितीवरून झालेल्या अभ्यासात रंगाशी संबंधित ६१ ठिकाणं सापडली. एचईआरसी-२ चं बटण त्यातलं सर्वांत मोठं, बाकीची रंग थोडा गडद किंवा थोडा फिका करणारी. म्हणून ‘ए-जी’ असलेल्या काहींचे डोळे मधाळ किंवा हिरवट होतात. तुमच्या मुलीचे डोळे खरोखर निळसर-करडे असतील तर ‘जी-जी’ म्हणणं रास्त आहे. ते मधासारखे असतील तर ती ‘ए-जी’ही असू शकते, आणि मग तुमच्याकडून ‘जी’ आलाच असेल असं ठामपणे सांगता येत नाही.

दोन्ही आई-बाबांचे डोळे निळे आणि मूल तपकिरी डोळ्यांचं, हेही घडतं, जरी क्वचित. म्हणून डोळ्यांच्या रंगावरून पितृत्वाचा निवाडा करणाऱ्याला जनुकशास्त्र कळलेलं नाही, एवढंच समजावं. मला हे पोटतिडकीने लिहावंसं वाटतं, कारण या एका गैरसमजाने घरं कडू झालेली मी पाहिली आहेत. तुमची गोष्ट तर साध्या पुस्तकी नियमातही नीट बसते.

वयाचाही एक मुद्दा आहे. जन्मतः काही बाळांचे डोळे फिके असतात आणि पहिल्या वर्षभरात मेलॅनिन साठत जाऊन गडद होतात. चार वर्षांच्या मुलीचा रंग आता बहुतेक पक्का झालेला आहे. फिक्या डोळ्यांबद्दल मी डॉक्टरांकडे पाठवते ते मोजक्या कारणांसाठी. डोळे सतत आडवे थरथरत असतील, उजेड अजिबात सोसत नसेल, किंवा त्वचा आणि केस भावंडांपेक्षा फारच पांढुरके असतील, तर वर्णहीनतेचा प्रकार आहे का ते पाहावं लागतं. लख्ख निळे डोळे, कपाळावर पांढरी बट आणि कमी ऐकू येणं हे एकत्र दिसलं तर वेगळी तपासणी करतात. यातलं काही नसेल तर घारे डोळे म्हणजे नुसते घारे डोळे.

आता उंची. इथे एकही पत्ता भारी नाही. २०२२ मध्ये सुमारे ५४ लाख लोकांच्या माहितीवरून उंचीशी जोडलेली १२ हजारांहून जास्त ठिकाणं नोंदली गेली. एकेका ठिकाणाचा परिणाम बहुधा मिलिमीटरच्या घरातला. हजारो ठिकाणी आईचा एक पत्ता आणि बाबांचा एक पत्ता येतो आणि सगळ्यांची बेरीज होते. मोठ्या बेरजा मध्याकडे झुकतात, म्हणून मुलं साधारण आई-बाबांच्या मधली वाटतात. पत्ते मात्र इथेही कालवलेले नसतात.

तुमच्या आकड्यांकडे येऊ. १५२ आणि १७३ ची नुसती सरासरी १६२.५ येते. ती मुलीलाही लागू नाही आणि मुलालाही नाही, कारण पुरुष स्त्रियांपेक्षा सरासरीने सुमारे १३ सेंमी उंच असतात. आम्ही मुलीसाठी बेरजेतून १३ वजा करतो, मुलासाठी १३ मिळवतो आणि मग दोनाने भागतो.

```
मुलगी: (152 + 173 - 13) / 2 = 156 सेंमी
मुलगा: (152 + 173 + 13) / 2 = 169 सेंमी
```

हा मध्यबिंदू झाला. त्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे साडेआठ सेंमी सोडायचे. म्हणजे मुलीसाठी साधारण १४७ ते १६४ आणि मुलासाठी १६० ते १७७. एवढी रुंद पट्टी पाहून आई-बाबा हिरमुसतात. “मग हिशोबाचा उपयोग काय?” असं एका बाबांनी मला चक्क विचारलं होतं. मी त्यांच्या हातात नाणं दिलं.

तुम्हीही करून पाहा. समजा उंचीची दहाच ठिकाणं आहेत आणि प्रत्येक ठिकाणी तुमच्याकडे एक ‘उंच’ प्रत, एक ‘बुटकी’ प्रत, नवऱ्याचंही तसंच. एका मुलाला दोघांकडून मिळून वीस प्रती मिळणार, म्हणजे वीस नाणेफेकी. सरासरी दहा ‘उंच’ प्रती येतील. पण वीस फेकी पुन्हा पुन्हा केल्या तर कधी सात येतील, कधी तेरा. शंभरांतल्या सुमारे शहाण्णव वेळा आकडा सहा ते चौदाच्या मध्ये पडतो. सहावालं मूल आणि चौदावालं मूल ही सख्खी भावंडं असू शकतात, त्याच आई-बाबांची, त्याच घरात वाढलेली. पट्टी रुंद आहे ती आमची मोजणी ढिली म्हणून नाही. आई-बाबांच्या पत्त्यांतच तेवढी विविधता भरलेली असते.

आता तिची आजची उंची. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात चार वर्षांच्या मुलींची मधली उंची १०३ सेंमीच्या जवळ आहे. तुमची मुलगी ९९, म्हणजे मधल्या रेषेच्या थोडी खाली. ती याच रेषेवरून वाढत गेली तर मोठेपणी १५७ च्या आसपास पोचेल. आई-बाबांवरून काढलेला आकडा १५६. दोन वेगळ्या वाटांनी काढलेली उत्तरं एकमेकांजवळ आली, म्हणजे ती तुमच्याच घराच्या रेषेवर चालली आहे. तुम्ही १६२ धरून बसलात तर मात्र दर वाढदिवसाला ती मागे पडल्यासारखी वाटेल. अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांपैकी पुष्कळांचं मूल ठीक असतं, चुकलेला असतो तो हिशोब.

या सूत्राच्या दोन मर्यादा मी नेहमी सांगते. पहिली १८८६ मध्ये फ्रान्सिस गॉल्टन यांनी दाखवली. फार उंच आई-बाबांची मुलं उंचच असतात, पण सरासरीने त्यांच्याइतकी नाही. फार बुटक्या आई-बाबांची मुलं त्यांच्याहून जरा उंच निघतात. टोकाची उंची गाठायला अनेक पत्ते एकाच बाजूला पडावे लागतात, शिवाय परिस्थितीचीही साथ लागते. तो योग पुढच्या वाटणीत पुरता टिकत नाही. दोघंही टोकाला असतील तर सूत्राचा आकडा थोडा मध्याकडे सरकवून वाचावा. तुमच्या बाबतीत हा फरक किरकोळ आहे.

दुसरी मर्यादा जास्त मोलाची. आई-बाबांची उंची म्हणजे त्यांची जनुकं नव्हेत. लहानपणी दीर्घ आजार, कुपोषण किंवा वारंवार जुलाब झाले असतील, तर त्यांच्या पत्त्यांत असलेली उंची त्यांना मिळालेलीच नसते. मूल तेच पत्ते घेऊन येतं आणि चांगलं पोषण मिळालं की आई-बाबांना मागे टाकतं. दक्षिण कोरियातल्या स्त्रियांची सरासरी उंची १८९६ साली जन्मलेल्यांपासून १९९६ साली जन्मलेल्यांपर्यंत सुमारे २० सेंमीने वाढली. शंभर वर्षांत जनुकं एवढी बदलत नाहीत. म्हणून मी आईला आधी विचारते, “लहानपणी तुमची तब्येत कशी होती?” १५२ हे तुमचं पूर्ण वाढलेलं माप आहे की अडलेलं, यावर मुलीचा अंदाज दोन-चार सेंमी इकडेतिकडे होतो. उंचीच्या ऐंशी टक्के फरकामागे जनुकं असतात असं तुम्ही कुठेतरी वाचाल. ते पुरेसं खायला मिळणाऱ्या लोकांमधल्या एकमेकांतल्या फरकाबद्दल आहे. तुमच्या १५२ पैकी ऐंशी टक्के सेंटिमीटर जनुकांचे, असा त्याचा अर्थ नाही.

हिशोब करायचा तो अशासाठी, की कधीकधी तो इशारा देतो. माझ्याकडे आलेली एक मुलगी सात वर्षांची, उंची १११ सेंमी. नुसत्या तक्त्यावर ती खालच्या कडेला, पण आतच. शाळेतल्या तपासणीत कोणी काही म्हणालं नव्हतं. आई १६५, बाबा १८०. तिच्या घराचा मध्यबिंदू १६६ आला, पट्टीची खालची कड १५७. ती ज्या रेषेवर होती ती १५२ च्या आसपास जाणारी. शिवाय वर्षभरात ती जेमतेम साडेतीन सेंमी वाढली होती. या वयात पाच ते सहा अपेक्षित असतात. गुणसूत्रांची तपासणी केली तेव्हा बऱ्याच पेशींत दोनाऐवजी एकच एक्स गुणसूत्र निघालं, म्हणजे टर्नर सिंड्रोम. एक्स आणि वाय या दोन्हींच्या टोकाला शॉक्स नावाचं एक जनुक असतं. हाडांच्या वाढीसाठी त्याच्या दोन्ही प्रती लागतात आणि तिच्या त्या पेशींत एकच होती. हजारो हलक्या पत्त्यांच्या खेळात असा एखादा भारी पत्ता हरवला की बाकीच्यांची बेरीज ती कमी भरून काढू शकत नाही. निदान लवकर झाल्यामुळे वाढीच्या संप्रेरकाचे उपचार वेळेत सुरू झाले. आई-बाबा दोघंही बुटके असते तर तीच १११ सेंमी उंची कोणाच्या डोळ्यांत आली नसती, आणि कदाचित माझ्याही नाही.

आता नाक आणि हनुवटी. चेहरा उंचीसारखाच पुष्कळ जनुकांचा, पण तो आपण उंचीसारखा मोजत नाही, ओळखतो. तुमच्या आईची चतुर्थांश जनुकं नातीत असतात, पण ती सरासरी झाली. स्त्रीबीज तयार होताना तुमच्या आई आणि वडिलांकडून आलेली गुणसूत्रं आपसात तुकडे बदलतात आणि मग वाटली जातात, त्यामुळे एखाद्या नातीला आजीचा वाटा जरा जास्त पडतो, दुसरीला जरा कमी. सख्ख्या भावंडांचीही सरासरीने निम्मी जनुकं सारखी असतात, प्रत्यक्षात कुठे चाळीस टक्क्यांच्या आत, कुठे साठच्या आसपास. त्यात डोळ्यांत भरणारा एखादा भाग, नाकाचा शेंडा म्हणा, जुळला की “थेट आजी” असं होऊन जातं आणि न जुळणारे कान कोणी पाहत नाही. मुली बापावर आणि मुलगे आईवर जातात, यालाही आधार नाही. मुलाला त्याचं एकुलतं एक्स आईकडून मिळतं हे खरं, पण चेहऱ्याची जनुकं सगळ्याच गुणसूत्रांवर विखुरलेली आहेत.

तेव्हा तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: पत्ते निम्मे तुमचे, निम्मे त्यांचे, हे पक्कं. त्यातला कोणता दिसेल आणि कोणता झाकला जाईल, ते समोरचा पत्ता कोणता यावर ठरतं.

तुम्ही आता एकच करा. मुलीची उंची दर सहा महिन्यांनी मोजा. भिंतीला टाचा, पाठ आणि डोक्याची मागची बाजू टेकवून, डोक्यावर पुस्तक सपाट ठेवून. शक्यतो सकाळी, कारण दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबून संध्याकाळपर्यंत माप जवळपास एक सेंमीने कमी भरतं. एकदा सकाळी आणि पुढच्या वेळी संध्याकाळी मोजलंत तर वाढ खुंटली असं उगाच वाटेल. पुढच्या वर्षभरात ती पाच सेंमीहून कमी वाढली, तर दोन्ही मापं आणि तारखा घेऊन बालरोगतज्ज्ञांना दाखवा.